रॉकलंड, २०२२: लुळे पडलेले दोन पाय आणि सांडपाण्यातला विषाणू

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलंड काउंटीत राहणारा एक तरुण रुग्ण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दाखल झाला. पाच दिवस अंगात बारीक ताप होता, मान आखडली होती, पाठ आणि पोट दुखत होते, शौचाला साफ होत नव्हते. या तक्रारी पुष्कळ आजारांत असतात, आणि एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर कदाचित औषध देऊन त्याला घरी पाठवले गेले असते. पण शेवटच्या दोन दिवसांत त्याच्या दोन्ही पायांतले बळ गेले होते. पाय ताठरले नव्हते, ते सैल आणि लुळे पडले होते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मेंदूकडून येणाऱ्या वाटेवर दोष असेल तर स्नायू कालांतराने ताठरतात, आणि मज्जारज्जूतील, स्नायूंना थेट चालना देणाऱ्या पेशीच मरत असतील तर ते सैल पडतात.

रुग्णाची प्रतिकारशक्ती एरवी शाबूत होती. पोलिओची लस त्याने कधीच घेतलेली नव्हती. लक्षणे सुरू होण्याच्या आठ दिवस आधी तो एका मोठ्या मेळाव्याला गेला होता; ज्या काळात संसर्ग झालेला असू शकतो त्या काळात तो देशाबाहेर मात्र गेलेला नव्हता. पोलिओच्या विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून पक्षाघात दिसेपर्यंत साधारण ७ ते २१ दिवस जातात. म्हणजे संसर्ग कुठे झाला असेल ते नेमके सांगता आले नाही, तरी तो अमेरिकेतच झाला एवढे या दोन गोष्टींवरून ठरत होते. अमेरिकेत तोंडावाटे द्यायची पोलिओची लस २००० सालापासून वापरात नाही, आणि तिथल्या मूळच्या रानटी विषाणूचा शेवटचा प्रादुर्भाव १९७९ सालचा आहे. मग हा विषाणू आला कुठून, हा या प्रकरणातील पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे: ज्या देशात बहुसंख्य मुलांना टोचायची लस मिळालेली असते, त्या देशात तो फिरत कसा राहिला?

निदान कुठे सापडले

डॉक्टरांना पहिला संशय पोलिओचा नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. अशा लक्षणांचा रुग्ण आला की तिथे आधी मज्जारज्जूच्या तीव्र दाहाचा विचार होतो. अलीकडच्या वर्षांत हा दाह बहुधा पोलिओच्याच कुळातील दुसऱ्या एका आंत्रविषाणूमुळे होताना दिसला आहे. सुदैवाने अशा संशयित रुग्णांचे निरनिराळे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तिथे पद्धत आहे, आणि त्यांत विष्ठेचाही नमुना असतो.

निदान विष्ठेतून झाले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूत एवढा विध्वंस करतो, तरी पाठीतून काढलेल्या पाण्यात तो क्वचितच सापडतो. त्याचे खरे घर आतडे आहे. तिथे तो आठवडेच्या आठवडे वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडत राहतो. म्हणूनच पोलिओच्या संशयात लक्षणे सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घ्यावेत असा जगभरचा नियम आहे. या रुग्णाचे नमुने अकराव्या आणि बाराव्या दिवशी घेतले गेले आणि दोन्हींत दुसऱ्या प्रकारचा पोलिओविषाणू सापडला. १८ जुलै रोजी राज्याच्या आरोग्य विभागाने ही बातमी देशाच्या रोगनियंत्रण केंद्राला कळवली. तोवर रुग्ण रुग्णालयातून बाहेरही पडला होता: लक्षणांच्या सोळाव्या दिवशी, पायांतली कमजोरी तशीच असताना, त्याची रवानगी पुनर्वसन केंद्रात झाली होती.

‘दुसऱ्या प्रकारचा’ हे दोन शब्द वाचल्यावर या क्षेत्रातल्या कोणालाही पुढचे बरेचसे उमगले असते. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू जगात शेवटचा १९९९ साली आढळला. त्याचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीरही झाले. म्हणजे २०२२ मध्ये कोणाच्या विष्ठेत दुसरा प्रकार सापडला, तर तो प्रयोगशाळेतून निसटलेला तरी असणार, किंवा लशीपासून आलेला तरी. जनुकीय क्रम लावल्यावर तो लशीपासूनच आलेला असल्याचे निश्चित झाले.

दहा अक्षरांचा हिशेब

तोंडावाटे द्यायच्या लशीत विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला असतो. अल्बर्ट सेबिन यांनी १९५० च्या दशकात निवडलेले हे वाण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. लशीतला विषाणू आतड्यात वाढतो, शरीर त्याला ओळखते, त्याच्याशी लढायला शिकते आणि काही आठवड्यांत त्याला बाहेर काढते. हे सगळे घडते ते विषाणू वाढतो म्हणूनच, आणि नेमकी तीच या लशीची अडचण आहे, कारण वाढणारा विषाणू बदलतोही.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे ७,४०० अक्षरांचा असतो. त्याची नक्कल करणारे विकर केलेल्या चुका तपासून दुरुस्त करत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक राहते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, पण काही विषाणूच्या फायद्याच्या ठरतात. सेबिनच्या दुसऱ्या वाणाचा दुबळेपणा मुख्यतः दोन जागांवर उभा आहे. एक जागा मजकुराच्या सुरुवातीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहे, ४८१ क्रमांकाच्या अक्षरावर. पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा विषाणूला जिथे पकडते, त्या पकडीत तिथल्या एका अक्षराने ढिलाई येते. दुसरी जागा विषाणूच्या बाहेरील कवचातील व्हीपी-१ नावाच्या प्रथिनात आहे. या दोन अक्षरांतले बदल उलटले की दुबळेपणाचा मोठा भाग गळून पडतो.

इथे एका प्रचलित समजुतीला थोडा धक्का द्यावा लागेल. दुबळा विषाणू मूळ रूपाकडे क्वचितच उलटतो, असे सर्रास लिहिले जाते. ४८१ व्या अक्षरापुरते हे खरे नाही. लस घेतलेल्या मुलांच्या विष्ठेतील विषाणू काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तपासला तर ते अक्षर पुष्कळदा उलटलेले आढळते, कारण आतड्यात वाढण्यासाठी उलटलेले रूपच सोयीचे असते. उलटणे सर्रास घडते. त्यातून पक्षाघात होणे मात्र दुर्मिळ आहे, कारण तेवढ्यात शरीराने विषाणूला आवर घातलेला असतो. लस घेतलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या अगदी जवळच्या माणसाला लशीच्या विषाणूने पक्षाघात होण्याचे प्रमाण पहिल्या मात्रेच्या सुमारे २७ लाख वेळांमागे एक असे धरले जाते.

रॉकलंडचा रुग्ण या दुर्मिळ अपघाताचा बळी नव्हता. त्याला लस दिली गेली नव्हती, आणि त्याच्या देशात ती लस कोणालाच दिली जात नव्हती. इथे दुसरीच गोष्ट घडली होती. दुबळा विषाणू लस घेतलेल्याच्या विष्ठेतून लस न घेतलेल्याकडे गेला, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे, आणि अशा प्रत्येक मुक्कामाला त्याला वाढायला व बदलायला आणखी काही आठवडे मिळाले. वाटेत एकामागून एक संरक्षित आतडी लागली असती तर ही साखळी मुळातच तुटली असती.

साखळी किती लांब होती हे मोजण्याची एक साधी, पण भरवशाची रीत आहे. व्हीपी-१ चा मजकूर ९०३ अक्षरांचा आहे, आणि पोलिओचा विषाणू माणसांत फिरत असताना त्यात वर्षाला सुमारे एक टक्का, म्हणजे नऊ-दहा अक्षरे बदलतात. घड्याळाच्या काट्यासारखाच हा बदलाचा वेग वापरता येतो. दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत सहा किंवा अधिक अक्षरे बदललेली असली की तो विषाणू ‘लशीचा’ न मानता ‘लशीपासून उद्भवलेला’ मानला जातो, कारण एवढा बदल एकाच निरोगी माणसाच्या आतड्यात काही आठवड्यांत सहसा होत नाही. रॉकलंडच्या रुग्णाच्या विष्ठेतील विषाणूत मूळ सेबिन वाणाच्या तुलनेत दहा अक्षरे बदललेली होती. दहा भागिले ९०३ म्हणजे १.१ टक्के; म्हणजे हा विषाणू साधारण वर्षभर माणसांतून माणसांत फिरत होता. ते वर्ष कुठे गेले हे या आकड्यातून कळत नाही. या घड्याळात वेळ दिसते, पत्ता दिसत नाही.

पत्त्याचा अंदाज शेजारच्या पुराव्यांवरून बांधता येतो. त्याच वर्षी लंडनच्या बेकटन सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आणि जेरुसलेममधील सांडपाण्यात दुसऱ्या प्रकारचे लशीपासून उद्भवलेले विषाणू सापडले होते, आणि रॉकलंडच्या विषाणूचे त्यांच्याशी जनुकीय नाते जुळले. आंतरराष्ट्रीय प्रवासाबरोबर फिरणारे हे एकच घराणे होते. त्याचा मूळ पुरुष कुठे तरी दिलेल्या एखाद्या थेंबात होता.

तो थेंब तरी का दिला गेला?

२०१६ पर्यंत तोंडावाटे द्यायच्या लशीत तिन्ही प्रकार असत. त्यांपैकी दुसरा सर्वांत जोमाने वाढे आणि इतर दोघांच्या वाढीत अडथळा आणे. लशीपासून उद्भवलेल्या विषाणूंच्या साथींत त्याचाच वाटा सर्वांत मोठा होता. ज्याचा रानटी भाऊ जगातून गेलेला आहे, त्याला लशीत ठेवून फक्त धोकाच उरतो, हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून एप्रिल-मे २०१६ मध्ये १५५ देशांनी जवळजवळ एकाच वेळी तीन प्रकारांची लस थांबवून दोन प्रकारांची सुरू केली.

निर्णय समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत लगोलग जाणवू लागली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यांना दुसऱ्या प्रकाराची ओळखच राहिली नाही. आधी शिल्लक राहिलेल्या दुबळ्या विषाणूने जिथे जिथे फिरत राहायला जागा शोधली, तिथे तिथे साथी आल्या. त्या विझवायला हाताशी असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे दुसऱ्या प्रकाराचीच तोंडावाटे द्यायची लस. ती अशा ठिकाणी दिली गेली जिथे लसीकरण पुरेसे पोचत नव्हते, म्हणजे नेमके जिथे उलटलेल्या विषाणूला पसरायला वाव होता. आग विझवायला नेलेल्या पाण्यात थोडे तेल मिसळलेले असावे तशी ही स्थिती होती. रॉकलंडच्या विषाणूचा पूर्वज २०१६ नंतरच्या अशाच एखाद्या मोहिमेतला असणार, कारण एरवी दुसऱ्या प्रकाराचा जिवंत थेंब कोणाला मिळण्याची वाटच उरली नव्हती.

आतडे आणि मज्जारज्जू

आता दुसऱ्या, अधिक मुरलेल्या प्रश्नाकडे वळू. रॉकलंडमधील सगळेच लोक लस न घेतलेले नव्हते. बऱ्याच मुलांना टोचायच्या लशीच्या मात्रा मिळालेल्या होत्या, आणि अमेरिकेत ही लस दोन महिने, चार महिने, सहा ते अठरा महिने आणि चार ते सहा वर्षे अशा चार टप्प्यांत दिली जाते. तीन मात्रा झालेल्या मुलाला पक्षाघात होण्याची शक्यता जवळपास शून्य असते. तरीही त्याच मुलांच्या आतड्यांतून विषाणू जाऊ शकतो, आणि गेलेलाही असू शकतो.

याचे कारण दोन लशी शरीराच्या दोन वेगळ्या दारांवर पहारा बसवतात. टोचायच्या लशीतला विषाणू फॉर्मॅलिनने मारलेला असतो. तो दंडात किंवा मांडीत टोचला जातो, तिथल्या जवळच्या लसिका ग्रंथींत प्रतिकारपेशी त्याला ओळखतात, आणि रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. विषाणू आतड्यातून रक्तात आला की ही प्रतिपिंडे त्याला गाठतात आणि मज्जारज्जूपर्यंत पोचू देत नाहीत. पक्षाघात टळतो तो इथे.

आतड्याच्या आतल्या अस्तरावरचा पहारा मात्र वेगळ्या प्रतिपिंडांचा असतो. ही प्रतिपिंडे, ज्यांना ‘आयजीए’ म्हणतात, अस्तराच्या पेशींतून आतड्याच्या पोकळीत सोडली जातात आणि विषाणू पेशीला चिकटण्याआधीच त्याला निकामी करतात. ती बनवणाऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीत वस्ती करून असतात. त्या तिथे पोचतात कशा? प्रतिकारपेशी जिथे पहिल्यांदा विषाणूला ओळखते, तिथेच तिला पुढे कुठे जायचे याचा पत्ता दिला जातो. आतड्याच्या भिंतीतील लसिकेच्या गाठींत ओळख झाली तर पत्ता आतड्याचा मिळतो. दंडाजवळच्या ग्रंथीत झाली तर मिळत नाही. पोलिओचे थेंब आतड्यातच वाढतात म्हणून तिथला पत्ता लिहून देतात, आणि टोचलेली लस कितीही चांगली असली तरी हा पत्ता तिच्या हाती नसतो.

म्हणून ज्याला आयुष्यात केवळ टोचायची लस मिळाली आहे, अशा मुलाला जिवंत विषाणू तोंडावाटे दिला तर विष्ठेतून विषाणू बाहेर टाकणाऱ्यांचे प्रमाण लस न मिळालेल्यांपेक्षा फारसे कमी नसते. बाहेर पडणाऱ्या विषाणूचे प्रमाण आणि काळ मात्र काहीसा घटतो. घशातल्या वाढीला टोचलेली लस बऱ्यापैकी आळा घालते, त्यामुळे जिथे विषाणू मुख्यतः थुंकीवाटे पसरतो तिथे ती पसरण्यालाही रोखू शकते. विष्ठेवाटे होणाऱ्या प्रसारावर तिचा हात तोकडा पडतो.

याचे स्पष्ट उदाहरण रॉकलंडच्या आधी नऊ वर्षे घडले होते. २०१३ मध्ये इस्राएलच्या दक्षिण भागात, राहत शहराच्या आणि आसपासच्या सांडपाण्यात पहिल्या प्रकारचा रानटी विषाणू सापडू लागला आणि महिनोन्‌महिने सापडत राहिला. तिथे टोचायच्या लशीचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. पक्षाघाताचा एकही रुग्ण दिसला नाही, तरी विषाणू निवांत फिरत राहिला, आणि तो थांबवायला ऑगस्टपासून मुलांना थेंब द्यावे लागले. रॉकलंडमध्ये मात्र एक रुग्ण लुळा पडला, कारण तिथे लस न मिळालेल्यांची दाट वस्ती होती.

दोन लशींना एकमेकींच्या विरोधात उभे करण्याची सवय मला थोडी अप्रामाणिक वाटते. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद भागात झालेल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आधी अनेक वेळा थेंब मिळालेल्या मुलांना टोचायच्या लशीची एकच मात्रा दिली तर त्यांच्या आतड्यातली प्रतिकारशक्ती नव्याने बळकट होते असे दिसले. म्हणजे पत्ता आधीच लिहिलेला असेल तर टोचलेली लस त्याच पत्त्यावर कुमक पाठवू शकते. कोरी आतडी घेऊन बसलेल्यांना मात्र ती हा लाभ देत नाही. थेंबांपासून मिळणारी आतड्यातली प्रतिकारशक्तीही कायमची नसते. काळानुसार ती ओसरते.

एका रुग्णामागे किती जण?

दुसऱ्या प्रकारचा विषाणू लस न मिळालेल्या सुमारे दोन हजार लोकांना संसर्गित करतो तेव्हा सरासरी एक जण लुळा पडतो. (पहिल्या प्रकारासाठी हे प्रमाण दोनशेमागे एक असे आहे, तुलनेने तो अधिक क्रूर आहे.) म्हणून एका रुग्णाची बातमी आली की आरोग्य अधिकाऱ्यांच्या मनात दोन हजार हा आकडा उभा राहतो. पण हा आकडा सावधपणे हाताळावा लागतो. एका घटनेवरून काढलेल्या अंदाजाची मर्यादा फार सैल असते: दोन हजारांत एक हे प्रमाण बरोबर धरले तरी प्रत्यक्ष संसर्ग पन्नासपासून अकरा हजारांपर्यंत कितीही असू शकतात. शिवाय हा हिशेब लस न घेतलेल्यांचा आहे. लस टोचलेले पण आतड्यात विषाणू बाळगणारे लोक त्यात मुळातच मोजलेले नाहीत, आणि ते मोजताही येत नाहीत, कारण ते आजारीच पडत नाहीत.

म्हणून उत्तर सांडपाण्यात शोधले गेले. रुग्ण सापडला तेव्हा कोविडच्या तपासणीसाठी घेतलेले सांडपाण्याचे जुने नमुने हाताशी होते. ते पोलिओसाठी पुन्हा तपासण्यात आले, आणि मे महिन्यातल्या, म्हणजे रुग्णाला लक्षणे दिसण्याच्या आधीच्या नमुन्यातही विषाणू असल्याचे उघड झाले. शेजारच्या ऑरेंज काउंटीतही तो होता. १२ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क शहराच्या सांडपाण्यात तो सापडल्याचे जाहीर झाले. सापडलेल्या विषाणूंपैकी बहुतेकांचे जनुकीय क्रम त्या एकाच रुग्णाच्या विषाणूशी जुळणारे होते. याचा अर्थ संसर्ग निदान दोन-तीन महिने लोकांत फिरत होता आणि त्याचा दृश्य परिणाम म्हणजे ते दोन पाय.

सांडपाण्याचा पुरावा ताकदीचा असला तरी तो कितपत बोलतो याची मर्यादा माहीत असावी. विषाणू सापडला याचा अर्थ त्या वाहिनीला जोडलेल्या भागातल्या कोणीतरी तो शौचावाटे टाकला आहे. तो कोण, तिथलाच रहिवासी की दिवसभरासाठी आलेला पाहुणा, आणि असे किती जण, हे कळत नाही. न सापडण्याचा अर्थ तर त्याहून दुबळा असतो: ज्यांच्या घरचे सांडपाणी सार्वजनिक वाहिनीत न जाता घरच्याच टाकीत जाते, ते या तपासणीत मुळी येतच नाहीत. म्हणूनच एकच सकारात्मक नमुना पाहून साथ जाहीर केली जात नाही. तो प्रवाशाच्या पोटातून आलेला एकटा विषाणू असू शकतो. निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या वेळी, जनुकीय नाते असलेले आणि हळूहळू बदलत जाणारे विषाणू सापडले, तरच विषाणू समाजात फिरतो आहे असे म्हणता येते. रॉकलंड आणि ऑरेंजमध्ये ही अट पूर्ण झाली, आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे नाव लशीपासून उद्भवलेला विषाणू फिरत असलेल्या सुमारे तीस देशांच्या यादीत आले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली.

उपाय आणि त्याची हद्द

रॉकलंडमध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांत तीन मात्रा पूर्ण झालेल्यांचे प्रमाण जुलै २०२० मध्ये ६७ टक्के होते, आणि ते ऑगस्ट २०२२ पर्यंत ६०.३ टक्क्यांवर उतरले होते. हा काउंटीचा सरासरी आकडा आहे आणि सरासरी इथे दिशाभूल करते: एका पोस्टल विभागात हे प्रमाण केवळ ३७.३ टक्के होते. विषाणू सरासरीत राहत नाही, तो अशा विभागात राहतो. तिथे तीनपैकी जवळजवळ दोन बालकांचा मज्जारज्जू उघडा होता, आणि आतडे तर सगळ्यांचेच उघडे होते.

उपाय म्हणून टोचायच्या लशीची मोहीम हाती घेण्यात आली. दुसऱ्या प्रकाराचे थेंब देऊन आतडी बंद करणे हा पर्याय चर्चेत आला नसता तरच नवल, पण थेंबांना तिथे परवानगी नव्हती, आणि ज्या समाजाचा एक मोठा भाग लस घेत नाही त्या समाजात दुबळा विषाणू सोडणे म्हणजे दुसऱ्या साखळीला सुरुवात करून देण्याचा धोका होता. टोचायच्या लशीने प्रसार पूर्णपणे थांबेल असे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. ती जे नक्की करू शकत होती ते असे की, पुढच्या प्रत्येक संसर्गित बालकाला लुळेपणापासून वाचवायचे. विषाणू विझण्याचे काम मग हवामानावर, स्वच्छतेवर, संपर्क कमी असण्यावर आणि थोडेफार घशातल्या संरक्षणावर सोडले गेले. काउंटीत दुसरा लुळा पडलेला रुग्ण आढळला नाही.

या घटनेचा विपर्यास दोन्ही बाजूंनी झाला, आणि दोन्ही ठिकाणी चुकीची जागा दाखवली गेली. एक बाजू म्हणाली की लशीनेच पोलिओ दिला, म्हणजे लस नकोच. रुग्णाच्या विषाणूतील दहा अक्षरे मात्र एक वर्ष सलगपणे लस न मिळालेल्या किंवा आतड्यात संरक्षण नसलेल्या माणसांतून फिरण्याची नोंद आहेत. त्या वाटेतल्या एखाद्या मुक्कामावर आतडे बंद असते तर विषाणू मोजता येण्याइतका बदललाही नसता. दुसरी बाजू म्हणाली की टोचायची लस पूर्ण सुरक्षित आहे, म्हणजे पोलिओ संपला. ती सुरक्षित आहेच, कारण मेलेला विषाणू उलटत नाही, पण तिच्या सुरक्षिततेचा अर्थ तिच्यापाशी आलेला जिवंत विषाणू अडेल असा होत नाही.

थेंबांचा स्वभाव सुधारण्याचा प्रयत्न या प्रकरणाच्या आधीच सुरू झाला होता. दुसऱ्या प्रकाराची नवी लस २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तातडीच्या वापराच्या यादीत आली आणि मार्च २०२१ पासून मोहिमांत वापरली जाऊ लागली. तिच्यात ४८१ व्या अक्षराच्या परिसराची रचनाच अशी बदलली आहे की एक अक्षर उलटून दुबळेपणा जाऊ नये, त्यासाठी एकाच वेळी अनेक बदल लागावेत. नक्कल करणारे विकरही थोडे काटेकोर केले आहे, आणि इतर आंत्रविषाणूंशी मजकुराची अदलाबदल करून ही दुरुस्ती टाकून देणे विषाणूला अवघड जावे अशी व्यवस्था केली आहे. तिचे विषाणू जुन्यापेक्षा पुष्कळ सावकाश उलटतात. तरीही मार्च २०२३ मध्ये बुरुंडी आणि काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक इथे या नव्या लशीपासून उद्भवलेले विषाणू फिरताना आढळले, आणि तिथेही साखळी अशाच, लस न पोचलेल्या मुलांच्या रांगेतून चालली होती.